टोपलीवरचा पगार

फिटर म्हणून माजं नाव सगळ्या इंदापूर तालुक्यात व्हतं. कारखान्याच्या हजेरीत मातर मी हेल्पर व्हतो, म्हंजे फिटर पंपाखाली आडवा पडला की त्येच्या हातात पाना देणारा.

आता हेल्पर काय वाईट नसतो. चार सीझन पाना दिऊन दिऊन माजा हात बसला व्हता. कुठला नट कितीनं आवळायचा, ग्लँडात, म्हंजे पंपाचा दांडा जितनं भाइर येतो त्या खोबणीत, दोर कसा भरायचा, समदं हाताला ठावं झालं व्हतं. फिटर जेवायला गेला की मीच काम करायचो, आन तो आला की पुन्यांदा पाना घिऊन हुबा ऱ्हायचो. तोंडाला मातर हेल्पर व्हायला कदी जमलं न्हाय. लगीन ठरत व्हतं तवा कन्हेरीच्या बागायतदारानं, म्हंजे माज्या सासऱ्यानं इचारलं, "पाव्हणं, कारखान्यात काय असता?" मी म्हणलं, "फिटर." "पगार?" "शंभर." शंभर म्हणायला तोंड जरा गोल करावं लागतं, ते मी चांगलं केलं. खरं सत्तरावर दोन-तीन रुपये सुटायचे, आन ते बी सीझन चालू असंल तवर.

ही सीझनची गंमत सांगतो. कारखाना ऊस गाळायला दिवाळीच्या आगंमागं सुरू व्हायचा आन उन्हाळ्यात बंद पडायचा. बंद पडला की कायमवाले आत ऱ्हायचे, मशिनरी खोलायला, आन आमा सीझनवाल्यांना म्हणायचे, "जावा आता, पुढच्या खेपंला बोलावणं धाडू." मग मी काय करायचो? ट्रंक उचलायची, कारखान्याच्या कामगार-लायनीतली खोली बंद करायची, आन बायकोला घिऊन कन्हेरीला सासुरवाडीला जायचं. पावसाळाभर सासऱ्याची वांगी तोडायची, भेंडी तोडायची आन सासऱ्याचीच भाकरी मोडायची. शेजारी इचारायचे, "जावई अजून हाईत व्हय?" सासरा म्हणायचा, "रजेवर हाईत. मोठ्या कारखान्यात फिटरला लई रजा असत्यात." असला सासरा मिळायला नशीब लागतं. त्येंना मी आबा म्हणायचो.

बायकोला हे रुचत नव्हतं. ती कवा तोंडानं बोलली न्हाय, पर भाकरी वाढताना आईच्या तोंडाकडं बगायची न्हाय. एकदा भरदुपारी, मोटंची बैलं चालत्यात त्या धावंवर बसून म्हणाली, "एक बारमाही काम बगा. कमी मिळालं तरी चालंल. पर बाराही म्हयनं आपल्या चुलीवर खाऊ." एवढंच मागितलं तिनं. सोनं न्हाय, लुगडं न्हाय.

त्याच साली बारामतीकडं शेतकऱ्यांनी मिळून नवा कारखाना उभा करायचं चाललं व्हतं. आबांनी शेअर घेतला व्हता. मशिनरी यायला लागली व्हती आन माणसं भरायची व्हती. बारामतीत पेठंत एका दुकानाच्या माडीवर त्येंचं हापिस. तितं माणसं भरायला एक सायेब बसला व्हता. पुण्याचा, चष्मेवाला, बोलायला सरळ. आबा म्हणाले, "चला जावईबापू, आपल्याच कारखान्यात तुमाला चिकटवू." आन माज्या संगं माडीवर आले. तिथंच माजं नशीब फिरलं.

सायबानं पयल्यांदा तोंडी काय इचारलं न्हाय. खाली दुकानामागं एक पंप आणून ठिवला व्हता, तिकडं न्हेलं आन म्हणाला, "याचा ग्लँड भरून दाखवा." मी जुना दोर हुकानं काढला, नवा मापानं कापला, चरबी लावून एकेक वेटोळं बसवलं. सगळ्या वेटोळ्यांचे जोड एका रेषंत येऊ दिले न्हाईत, एक हिकडं तर एक तिकडं. मग दोनी नट आळीपाळीनं आवळले, पर गच्च न्हाय. सायेब म्हणाला, "सैल का सोडलंत?" मी म्हणलं, "थेंब थेंब गळाया पायजे सायेब. गळलं न्हाय तर दोर जळंल आन दांडा बी खाईल." सायेब हसला. आबांनी मान डोलावली, जसं काय त्येंनीच मला शिकवलंय.

वर आल्यावर सायेब कागद घिऊन बसला. मी समोर हुबा. आबा बाकावर, मांडीवर टोपी ठिवून.

"हुद्दा काय आहे सध्या?"

आता आबा नसते तर मी काय म्हणालो असतो? दिवसातनं दहा येळा इचारतो मी सोताला. आबा व्हते. मी म्हणलं, "फिटर."

"कायम की हंगामी?"

"कायमच म्हणा की."

"पगार?"

आबा बाकावरनं म्हणाले, "शंभर. सांगा की, लाजताय काय?"

"शंभर," मी म्हणलं. या खेपंला तोंड गोल करायची बी गरज पडली न्हाय, आबांनीच केलं व्हतं.

सायबानं लिवून घेतलं आन पेनाचं टोक दातावर वाजवलं. "जरा जास्त आहे. बघू. कमिटीपुढं ठेवतो, कळवू."

जिना उतरताना आबा म्हणाले, "जास्त हाय म्हणाला. ऐकलं न्हवं? जास्त हाय!" आन मला चहा पाजला.

पंधरवड्यानं पोस्टमन कारड घिऊन आला. आबा ओट्यावर. मी झडप घातली. आबा म्हणाले, "वाचा की काय लिवलंय." आता मला वाचता येत असतं तर. अक्षरं मी शिकलो म्हातारपणी, तेबी नातवंडांनी हसून हसून शिकवली. तवा कारडाकडं बगितलं की मला मुंग्याच दिसायच्या. तरी मी कारड डोळ्यापुढं धरलं, वरनं खाली, मग खालनं वर बगितलं आन म्हणलं, "या म्हणत्यात. पर आदी एक कागद धाडा म्हणत्यात. इंदापूरला जाऊन करून आणतो." आबांना पटलं. बारामतीत का न्हाय, असं त्येंनी इचारलं न्हाय. बारामतीत निम्मी पेठ आबांच्या वळखीची, तितं कारड वाचून घेतलं तर माज्या आदी आबांना कळलं असतं. म्हणून यष्टीत बसलो आन धडधडत इंदापूर गाठलं.

इंदापूरला मामलेदार कचेरीपुढं लिंबाच्या झाडाखाली एक अर्जनवीस बसायचा. म्हातारा, कानावर टाक, पुढ्यात उतरतं मेज. त्येनं कारड वाचलं आन मला म्हणाला, "तुला नोकरी द्यायची म्हणतायत. पण आधी मागच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या पाठव म्हणतायत. सध्याचा पगार शंभर सांगितलास, त्याचा पुरावा. त्या बघून मग नेमणुकीचा कागद काढतील."

मी म्हणलं, "चिठ्ठ्या कशाला? मी सांगितलं की तोंडानं."

"तोंडानं सांगितलंस म्हणूनच मागतायत."

पगारचिठ्ठी म्हंजे काय, तर पगाराच्या दिशी खिडकीतनं पैशासंगं एक गुलाबी कागद द्यायचे. त्येच्यावर नाव, नंबर, हुद्दा, किती दिस भरले, मूळ पगार किती, महागाई किती, कापलं किती, हातात किती. समदं छापील रकान्यात शाईनं भरलेलं. आमी आंगठा उठवायचो, पैसे मोजायचो आन कागद खिशात कोंबायचो.

अर्जनवीस म्हणाला, "खरं सांग, शंभर आहे का?"

मी म्हणलं, "आसपास."

"किती आसपास?"

मी झाडाकडं बगितलं. तो समजला. म्हणाला, "हे बघ. तीन वाटा आहेत. एक, चिठ्ठ्या पाठव आणि वर लिही की बोलण्यात चूक झाली, खरा पगार हा. दोन, चिठ्ठ्या हरवल्या असतील तर तुझ्या कारखान्यात टाइमकीपरकडं जा, तो पगाराचा दाखला देईल."

"तो दाखला देईल, पर कशाला पायजे म्हणून इचारल की. दुसरीकडं चाललाय म्हणून कळलं तर दिवाळीला बोलावणं यायचं न्हाय. मग हितलं बी गेलं आन तिथलं बी."

"मग पहिली वाट."

"आन तिसरी?"

"तिसरी म्हणजे गप घरी बसणं."

पयली वाट सरळ व्हती. आता कळतं. तवा मला दिसलं ते एवढंच की चूक झाली असं लिवलं की सायेब आबांना सांगणार, आबा माडीवर रोजचं जाणारं-येणारं. आन मग कन्हेरीत आबा कुणाच्या तोंडाला तोंड देणार?

आन तेवढ्यात मला आठवलं. देवानं आठवण दिली असं तवा वाटलं. चिठ्ठ्याच न्हाईत! बायकोनं म्हयन्यामागं बुरडाकडनं नवी टोपली घेतली व्हती. नव्या टोपलीच्या कांब्यांमधनं पीठ गळतं, म्हणून बाया काय करत्यात, रद्दी कागद भिजत घालत्यात, त्येच्यात मेथ्या घालून वाटत्यात आन तो लगदा टोपलीला आतनं-भाइरनं लिंपत्यात. वाळला की टोपली कशी घट्ट, पितळंवानी वाजती. तिनं मला इचारलं व्हतं, "तुमच्या ट्रंकंत कागद हाईत, घिऊ का?" मी म्हणलं व्हतं, "घे की, ते काय खायाचे हाईत?" समदे पगार मेथ्या घालून वाटले व्हते तिनं.

मी अर्जनवीसाला म्हणलं, "लिवा. माज्या पगारचिठ्ठ्या बायकोनं टोपलीला लिंपल्या. आता काय कागद ऱ्हायला न्हाय. तवा माज्या शब्दावर इस्वास ठिवावा."

टाक थांबला. "काय लिहू?"

"टोपलीला लिंपल्या."

तो एवढा हसला की मेजावरची दौत कलंडायची ऱ्हायली. बाजूचा स्टॅम्पवाला उठून आला, त्येला बी सांगितलं. मग म्हाताऱ्यानं लिवलं, आन लिवून झाल्यावर माज्याकडं चष्म्यावरनं बगत म्हणाला, "खोटं नाही ना?"

"टोपली खरी हाय," मी म्हणलं. "देवाची आण." शंभराची आण त्येनं मागितली न्हाय.

परतताना यष्टीत मी मनात लई हसलो. पुरावाच न्हाय म्हणल्यावर सायेब काय करणार? भला माणूस हाय, ग्लँड बगितलाय, शब्द मानंल. घरी येऊन बायकोला म्हणलं, "तुज्या टोपलीनं माजी नोकरी वाचवली." ती म्हणाली, "मंजी काय?" मी म्हणलं, "मग कळंल." ती टोपलीत ज्वारीचं पीठ चाळत व्हती. टोपली झाली बी व्हती झकास. आतनं राखाडी लगदा, आन भाइरनं तिनं हौसंनं गुलाबी कागद अख्खे डकवले व्हते, रांगंनं, निळ्या रेघांची बाजू वर. फुलांची नक्षी काढल्यावानी. मी बगितलं, मला बी आवडलं.

आठ-दहा दिसांनी दुसरं कारड आलं. या खेपंला मी शेतात. पोस्टमननं ते ओट्यावर आबांना वाचून दावलं. मी पाटीभर भेंडी घिऊन आलो तर आबा खुशीत.

"जावईबापू, सायबाचं कारड. म्हणतोय टोपली घिऊन समक्ष या."

"टोपली?" माजी भेंडीची पाटी खांद्यावरनं घसराया लागली.

"आता ह्येच्यात न कळायसारखं काय हाय? सायेब पुण्याचा, त्येला हितला माल पायजे. तोंडानं मागायला लाजला, म्हणून कारडात घातलं. माणूस आपला दिसतोय."

मी म्हणलं, "व्हय, तसंच असंल." मनात म्हणलं, सायेबाला टोपली बगायची हाय. बगू दे. लगदा बगंल, वास घील मेथ्यांचा, हसंल आन सही करंल. ह्याच्यापरीस चांगलं काय?

आबा घरातल्या बायांना म्हणाले, "वांगी भरा, गवार भरा." बायको आडवी आली. "ओलं घालू नका आबा, लगदा सुटंल. नवी टोपली हाय माजी." शेवटी लिंबं ठरली. तिनं सोता एकेक लिंबू पदरानं पुसून टोपली भरली आन मला म्हणाली, "रिकामी करून परत आणा. तितंच सोडून येऊ नका." मी म्हणलं, "नोकरी आणतो आन टोपली बी आणतो." आबांनी नवं धोतर नेसलं. डोक्यावर टोपली घिऊन मी फुडं, आबा काठी घिऊन मागं, असे आमी बारामतीच्या पेठंतनं चाललो. आबा वळखीच्याला सांगत व्हते, "नेमणुकीचा कागद आणाया चाललोय. शंभरावर."

माडीवर सायेब व्हता. संगं कमिटीतला एक माणूस बसला व्हता, आबांच्याच वयाचा, आबांना "या या" म्हणला. मी टोपली मेजावर ठिवली. आबा म्हणाले, "घरच्या बागंतली हाईत. गोड मानून घ्या."

सायेबानं लिंबांकडं बगितलं, मग माज्याकडं. म्हणाला, "आजोबा, लिंबं कशाला? मी टोपली मागितली होती."

आन त्येनं शिपायाला हाक मारून लिंबं वर्तमानपत्रावर वतायला सांगितली. टोपली रिकामी झाली. त्येनं ती उचलली, वास घेतला, आतनं बोट फिरवलं आन हसला. मला वाटलं, झालं. मी बी हसलो. मग त्येनं टोपली पालथी केली.

चष्मा कपाळावरनं डोळ्यावर आला. टोपली हळूहळू फिरवाया लागला, कुंभार मडकं बगतो तशी.

"अरे, हे तर नीट वाचता येतंय," सायेब म्हणाला.

मी म्हणलं, "काय?"

"चिठ्ठ्या. छापील बाजू वरच आहे. या तीन तर अख्ख्या आहेत." त्येनं खिडकीकडं तोंड केलं. "नाव तुमचंच. नंबर. हुद्दा, हेल्पर. हंगामी. मूळ पगार... महागाई... कपात... हातात बहात्तर. पुढची, एकाहत्तर. इथं तीन खाडे आहेत." त्येनं बुडाकडं बगितलं. "ही जानेवारीची. बहात्तर."

खाली दुकानात गूळ तोडत व्हते. मला तवा वाटलं की त्या गुळाच्या ढेपंखाली जाऊन बसावं.

तीन कोस मी माज्याच डोक्यावर माजा पुरावा वाहून आणला व्हता, आन वर लिंबं ठिवली व्हती.

आबांना ते मूळ, महागाई, कपात काय समजलं न्हाय, पर एक शबुद त्येंनी धरला. "सायेब, हेल्पर म्हंजे काय?"

सायेबानं माज्याकडं बगितलं. त्येला वाटलं मी सांगीन. मी खिशातली सुपारी चाचपली.

"फिटरच्या हाताखालचा माणूस," सायेब म्हणाला. "फिटरला हत्यारं देणारा."

"म्हंजे फिटर न्हवं."

"नाही."

आबांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, पुन्यांदा मांडीवर ठिवली. कमिटीतला माणूस भित्तीवरच्या क्यालेंडराकडं बगाया लागला. त्येनं आबांकडं बगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो मुद्दाम बगत नव्हता.

सायेब म्हणाला, "तुम्हाला एक सांगतो. फिटरची जागा माझ्याकडं आहे. तिचा पगार नव्वदापासून सुरू होतो. तुमचा हात बघून त्याच दिवशी मी ठरवलं होतं की या माणसाला घ्यायचं, मग तो आधी कुठं काय होता याची मला पडली नव्हती. पण तुम्ही शंभर सांगितलेत. म्हणजे आमच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा वर. कमिटी म्हणाली, वरचा पगार द्यायचा तर पुरावा पाहिजे. म्हणून चिठ्ठ्या मागवल्या. तुम्ही त्या दिवशी बहात्तर म्हणाला असतात तर मी चिठ्ठी मागितलीच नसती."

हे त्येनं रागानं सांगितलं असतं तर बरं. त्येनं हळहळून सांगितलं.

"आता द्या की नव्वद," मी म्हणलं. माजा आवाज मलाच शेळीवानी आला.

कमिटीवाला पयल्यांदा बोलला. "आता कसं द्यायचं? कागदावर फिटर, कायम, शंभर लिहून आलंय, टोपलीवर हेल्पर, हंगामी, बहात्तर. उद्या भांडारात कामाला लावलं तर हा नट किती सांगील?"

आबा उठले. मला वाटलं चालले. ते मेजापाशी गेले आन सायेबाला म्हणाले, "सायेब, ह्येचा हात खोटा न्हाय न्हवं?"

"हात खोटा नाही."

"मग हेल्पर तर हेल्पर. पर बाराही म्हयनं असू द्या. माजी लेक पावसाळ्यात माज्या दारात नगं. तिला लाज वाटती." एवढं बोलून ते बाकावर जाऊन बसले. लेकीचं मन त्येंनी वळखलं व्हतं. आमी दोगं समजत व्हतो की त्येंना काय कळत न्हाय.

सायेब कमिटीवाल्याशी इंग्रजीत कायतरी बोलला. मग म्हणाला, "हेल्पर म्हणून घेतो. बारमाही. ऐंशी. दोन वर्षं काम बघू, मग फिटरचं बघू. चालेल?"

"चालंल," मी म्हणलं. एकाच दिसात मी खाली आलो आन वर बी गेलो. वर गेल्याचं काय वाटलंच न्हाय.

कागद झाला, मी आंगठा उठवला. टोपली उचलाया गेलो तर सायेबानं हात धरला. "ही इथंच राहील. पगाराचा पुरावा म्हणून फाइलला लावायचा आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत दाखवावा लागेल." शिपायानं टोपलीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली, तिच्यावर माजं नाव, आन ती कपाटावर ठिवली. कपाटात मावली न्हाय. लिंबं वर्तमानपत्रावरच ऱ्हायली.

परतीला आबा फुडं आन मी मागं. पेठंत वळखीच्यानं इचारलं, "झालं का काम?" आबा म्हणाले, "झालं." शंभराचं न्हाय म्हणाले. शिवारात आल्यावर एका बांधावर थांबले. मला वाटलं आता बोलत्यात. ते म्हणाले, "चप्पल काढा, फुडं चिखल हाय." आन गेले. त्येंनी शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री जेवलो असतो.

घरी बायको दारातच. आबा मोटंकडं गेले. मी माज्या नेहमीच्या ढंगात सुरू केलं, दुसरं काय येतंय मला? "अगं, बारमाही झालो! आन माजा पगार एवढा भारी हाय की सायेबानं कपाटावर चढवून ठिवलाय, कमिटीला दावायला. असला पगार कुणाचा तरी..."

"टोपली कुठाय?"

मग सांगावं लागलं. चिठ्ठ्या, गुलाबी कागद, हेल्पर, बहात्तर, समदं. ती उंबऱ्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत व्हती, मोडतच ऱ्हायली. मी म्हणलं, "आता तुला काय तोंड दावू? तुला बी मी आजवर फिटरच सांगितलं."

तिनं शेंग मोडली, दोरा काढला आन मान वर न करता म्हणाली, "लायनीत फिटरच्या बायका नळावर आदी पाणी भरत्यात, हेल्परच्या मागनं. तुमी हेल्पर हाय ते मला पयल्याच हप्त्यात कळलं. आबांना सांगितलं न्हाय, एवढंच. टोपली कवा आणताय ते सांगा."